वारज्याचा फ्लॅट आणि साडेतेरा लाखांचा टीडीएस

बाबा गेल्यावर वारज्याचा फ्लॅट मृत्युपत्राने माझ्या नावावर झाला. मी गेली अकरा वर्षं जर्मनीत. दीड वर्ष फ्लॅट बंद ठेवला आणि 2025 च्या एप्रिलमध्ये विकायचं ठरवलं. एजंटने गिऱ्हाईक आणलं, 94 लाखांना सौदा झाला आणि त्याच संध्याकाळी त्यांनी 3 लाख टोकन माझ्या एनआरओ खात्यावर टाकले. मी खूश. इथेच पहिली चूक झाली होती, हे कळायला दोन आठवडे गेले.

घेणारा गृहस्थ भला माणूस, पण त्याला टीडीएस म्हणजे एक टक्का एवढंच ठाऊक. मागच्या वर्षी त्याच्या भावाने फ्लॅट घेतला तेव्हा एक टक्का कापून 26क्यूबी हा फॉर्म भरून मोकळा झाला होता. विकणारा भारतात राहणारा असेल तर ते बरोबरच आहे. विकणारा अनिवासी असला की कलम 195 लागतं, आणि कापणी होते ती भांडवली नफ्याच्या दराने. माझ्या सीएने फोनवर आकडा सांगितला: साडेबारा टक्के, त्यावर रक्कम 50 लाखांच्या वर म्हणून 10 टक्के अधिभार, त्यावर 4 टक्के उपकर. मिळून 14.3 टक्के. आणि तेही नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर, कारण मला नफा किती झाला हे घेणाऱ्याने परस्पर ठरवायचं नसतं. 94 लाखांवर 13 लाख 44 हजार 200.

खरा कर किती होता ते सांगतो, म्हणजे माझी घालमेल कळेल. वारशाने आलेल्या घराची किंमत शून्य धरत नाहीत. वडिलांनी दिलेली किंमत आणि त्यांनी घर घेतल्याची तारीख दोन्ही आपल्याकडे येतात. बाबांनी 2013 मध्ये 58 लाखांना घेतला होता. मुद्रांक आणि नोंदणी धरून 61 लाख 78 हजार. एजंटचे 94 हजार वजा केले की नफा उरतो 31 लाख 28 हजार. त्यावर साडेबारा टक्के आणि उपकर मिळून 4 लाख 6 हजार 640. नफा 50 लाखांच्या आत असल्याने अधिभार नाहीच. महागाईनुसार किंमत वाढवून 20 टक्क्यांनी कर भरायचा पर्याय जुलै 2024 नंतर फक्त निवासी लोकांपुरता उरला आहे, त्यामुळे तो माझ्या कामाचा नव्हता.

म्हणजे देणं चार लाखांचं आणि कापणी साडेतेरा लाखांची. वरचे नऊ लाख रिटर्न भरल्यावर परत मिळतात, पण त्यात वर्ष जातं. त्यावर उपाय म्हणजे कलम 197 खाली फॉर्म 13 भरायचा आणि कमी दराने कापायचं सर्टिफिकेट घ्यायचं. (हे सगळं 1961 च्या कायद्याखालचं, 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत.)

मला वाटलं, अर्ज टाकला की झालं. सीए म्हणाल्या, ‘थांबा, तुमचा पॅन कुठे आहे ते आधी बघू.’ पॅन अजून पुण्याच्या जुन्याच वॉर्डात होता, आयकर खात्याच्या लेखी मी निवासी होतो, आणि आधार जोडलेलं नसल्याने पॅन निष्क्रिय. निष्क्रिय पॅनवर तर किमान 20 टक्के कापावे लागतात. पासपोर्टची पानं आणि तिकडचा राहण्याचा परवाना देऊन स्थिती बदलून घेतली आणि पॅन आंतरराष्ट्रीय कर विभागाकडे हलवला. त्यात अख्खा मे महिना गेला. हे काम मी फ्लॅट बंद होता तेव्हाच करायला हवं होतं.

जूनच्या दहा तारखेला आयकर खात्याच्या ट्रेसेस या साइटवर फॉर्म 13 गेला. बाबांचा इंडेक्स टू आणि खरेदीखत, मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आमचा विक्रीचा करारनामा, नफ्याचं गणित, आणि घेणाऱ्याचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याला मिळणारा नंबर. टॅन तेव्हा अर्जाआधीच काढलेला लागायचा, कारण सर्टिफिकेट ज्याच्या टॅनवर निघायचं त्याच्यापुरतंच असायचं.

याच वाक्याने पुढे रडवलं. जुलैच्या सुरुवातीला त्या गृहस्थांचा फोन आला, ‘दादा, बँकेचं लोन मंजूर झालं, फक्त आता मिसेसचं नाव पण घ्यायला सांगितलंय, फिफ्टी-फिफ्टी.’ त्यांच्या दृष्टीने आनंदाची बातमी. मी सीएंना कळवलं तर पलीकडे शांतता. दोन घेणारे म्हणजे कापणारे दोघं, टॅन दोन, आणि सर्टिफिकेटमध्येही दोघांची वेगळी नोंद. नवऱ्याच्या टॅनवरचं सर्टिफिकेट बायकोच्या 47 लाखांना उपयोगाचं नाही. तिचा टॅन काढला, करारनामा दुरुस्त केला आणि अर्ज नव्याने भरला. अधिकाऱ्याने एकच शंका काढली: 2013 चे पैसे बाबांनीच दिले होते का? नशिबाने बाबांनी पासबुकं जपून ठेवली होती. बिल्डरला दिलेल्या चेकच्या ओळींखाली त्यांनी लाल पेनने रेघ मारलेली होती. ती पानं स्कॅन करून दिली.

24 जुलैला सर्टिफिकेट निघालं. दर 4.33 टक्के. रक्कम नवऱ्यासाठी 44 लाख, बायकोसाठी 47 लाख.

बेरीज 91 का? 3 लाख टोकन आधीच मिळालं होतं, आणि सर्टिफिकेट निघाल्याच्या तारखेपासून पुढच्याच रकमांना लागू होतं. टोकनवर जुन्याच दराने 42 हजार 900 कापायला हवे होते, ते कापलेच नव्हते. ते त्यांनी शेवटच्या हप्त्यातून वळते केले आणि व्याजासकट भरले. व्याज त्यांच्या खिशातून गेलं, मला वाईट वाटलं. टोकन न घेता आधी टॅन आणि अर्ज, मग पैसे, असं केलं असतं तर हे टळलं असतं. फ्लॅटवर टोकन न घेता गिऱ्हाईक थांबतं का, हा वेगळा प्रश्न.

8 ऑगस्टला नोंदणी झाली. त्याआधी आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. बँक लोनचा चेक थेट माझ्या नावाने काढते, त्यातून टीडीएस कापत नाही. म्हणून कापायची रक्कम, 1 लाख 90 हजार 520 आणि 2 लाख 3 हजार 510, त्यांना स्वतःच्या पैशांतून बाजूला ठेवायला मी आदल्या आठवड्यातच सांगितलं होतं. 14.3 टक्क्यांनी त्यांना ते जमलंच नसतं, हे त्यांनीच नंतर बोलून दाखवलं.

दोघांनी चलन वेळेत भरलं. नोव्हेंबरमध्ये मी 26एएस, म्हणजे माझ्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता, उघडलं तर नवऱ्याच्या टॅनच्या दोन नोंदी दिसत होत्या, बायकोची एकही नाही. चलन भरलं की झालं असं त्यांना वाटलं होतं. अनिवासीचा कर कापल्याचा तपशील देणारा, ऑक्टोबरअखेर भरायचा फॉर्म 27क्यू त्यांच्या सीएने एकाच टॅनचा भरला होता. तो भरेपर्यंत माझे 2 लाख 3 हजार माझ्या नावावर दिसणार नव्हते. मी फोन केला, बाई स्वतःच बोलल्या, ‘अहो, मी यांना सांगत होते की माझा पण नंबर आहे म्हणून.’ डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उशिराच्या शुल्कासकट तो भरला गेला आणि जानेवारीत तिसरी नोंद आली.