एकाच जीपीएस फाइलमध्ये फेज आणि ग्रुप व्हेलॉसिटी दोन्ही पकडल्या, माझा अनुभव

एमएस्सीला प्लाझ्माचं ते समीकरण सगळ्यांनीच सोडवलेलं असतं, ω² = ωp² + k²c², त्यातून फेज व्हेलॉसिटी c पेक्षा जास्त येते, ग्रुप व्हेलॉसिटी कमी येते आणि दोघींचा गुणाकार बरोबर c². पेपरात लिहून मोकळं व्हायचं. पण या दोन्ही व्हेलॉसिटी एकाच सिग्नलवर वेगवेगळ्या मोजता येतात हे मला जीपीएसचा कच्चा डेटा हाताळायला लागल्यावर कळलं आणि तेव्हापासून हा विषय मला फार जवळचा वाटतो.

प्लाझ्मा म्हणजे इथे आपल्या डोक्यावरचा आयनोस्फिअर. त्याच्या दाट थरात दिवसा साधारण 10¹² इलेक्ट्रॉन प्रति घनमीटर असतात, म्हणजे प्लाझ्मा फ्रिक्वेन्सी 9 मेगाहर्ट्झच्या आसपास. जीपीएसचा L1 सिग्नल 1575.42 मेगाहर्ट्झचा, त्यामुळे तो आरपार येतो, फक्त वेगात लाखात दीड-दोन भागांचा फरक पडतो. ऐकायला काहीच नाही, पण असा 300 किलोमीटर जाडीचा थर धरला तर जवळपास 5 मीटर होतात.

आता गंमत अशी की रिसीव्हर एकाच सॅटेलाइटचं अंतर दोन प्रकारे मोजतो. एक म्हणजे कोड, सिग्नलवर चढवलेला ठरावीक पॅटर्न, हे मॉड्युलेशन आहे म्हणून ते ग्रुप व्हेलॉसिटीने येतं, उशिरा पोचतं, अंतर जास्त दिसतं. दुसरं कॅरियर, म्हणजे लाटेचे माथे किती सरकले ते मोजत राहणं, ते फेज व्हेलॉसिटीने चालतं आणि तिथे अंतर तेवढंच कमी दिसतं. उशीर I मीटरचा असेल तर कोडमध्ये +I, कॅरियरमध्ये −I. खरं अंतर, घड्याळांच्या चुका, हवेतल्या बाष्पाचा परिणाम हे सगळं दोघांत सारखंच असतं, म्हणून कोडमधून कॅरियर वजा केला की उरतं 2I आणि एक स्थिर आकडा.

तो स्थिर आकडा का, तर रिसीव्हरने मोजायला सुरुवात केली त्याआधी किती पूर्ण लाटा होऊन गेल्या हे त्याला माहीतच नसतं, सगळे माथे दिसायला सारखे, कुठला माथा कधी निघाला हे ओळखायची खूण त्यांच्यावर नसते. c पेक्षा वेगाने जाऊनही माथा कुठलाच निरोप घेऊन का येत नाही, ते मला इथे नीट समजलं. खूण हवी तर मॉड्युलेशन पाहिजे, आणि मॉड्युलेशन आलं की ते ग्रुप व्हेलॉसिटीने चालणार.

मी पुण्यात गच्चीवर ड्युअल फ्रिक्वेन्सी रिसीव्हर लावला, दुपारची वेळ मुद्दाम घेतली कारण आपल्या अक्षांशावर तेव्हा आयनोस्फिअर सगळ्यात दाट असतो. डोक्यावरून 30 अंशांपर्यंत उतरणारा एक सॅटेलाइट निवडला, त्याखाली गेलं की भिंतींवरून परावर्तित झालेले सिग्नल कोड बिघडवतात. मग रिसीव्हरच्या कच्च्या नोंदींच्या रायनेक्स फाइलमधून C1C म्हणजे L1 च्या कोडचं अंतर घेतलं, L1C म्हणजे कॅरियरच्या लाटांची मोजणी, तिला L1 च्या तरंगलांबीने, 0.1903 मीटरने गुणलं आणि वजा केलं. दोन तासांत ग्राफ सुमारे 9 मीटर वर चढला. सॅटेलाइट खाली उतरतो तसा सिग्नल प्लाझ्मातून तिरका जातो, वाट लांबते, म्हणून चढ. दोन्ही व्हेलॉसिटी सारख्या असत्या तर ही रेघ सपाट आली असती. मध्येच एकदम उडी दिसली तर तो प्लाझ्मा नव्हे, रिसीव्हरची लाटांची मोजणी तुटलेली असते, तिथून पुढचा तुकडा वेगळा धरायचा.

पण चढ खरंच प्लाझ्माचा आहे हे कशावरून? त्यासाठी त्याच सॅटेलाइटचा दुसरा सिग्नल L2 कामाला येतो, 1227.60 मेगाहर्ट्झचा. उशीर फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे L2 वर तो L1 च्या 1.647 पट. मग दोन्ही कॅरियर मीटरमध्ये करून L1 मधून L2 वजा केला की 0.647 I मिळायला हवा, आणि पहिल्या ग्राफचा चढ याच्या 2 ÷ 0.647 म्हणजे 3.09 पट. दुसरा ग्राफ 2.9 मीटर चढला. बसलं गणित! तेही कोडला हात न लावता, त्यामुळे रेघ अगदी स्वच्छ.

याचा त्रास कुठे होतो तर कोड गुळगुळीत करताना. कोडमध्ये खरखर असते म्हणून कॅरियरच्या आधाराने सरासरी काढतात, पण दोघं तर एकमेकांपासून लांब जातायत, माझ्या डेटात सेकंदाला सव्वा मिलीमीटर. 100 सेकंदांची खिडकी ठेवली तर 12 सेंटीमीटरची चूक, ती चालून जाते, अर्ध्या तासाची ठेवली तर सव्वादोन मीटर. मोठी खिडकी हवीच असेल तर L1 च्या कॅरियरमध्ये L1 आणि L2 च्या फरकाची 3.09 पट मिळवायची, मग त्याच्यातला −I चा +I होतो, तो कोडच्या बरोबरीने चालतो आणि खिडकी कितीही वाढवली तरी या कारणाने चूक साचत नाही.