टोकियोत काही आठवड्यांचं काम: रेसिडेन्स कार्डाशिवाय कसं जमवलं

पुण्यातून टोकियोला क्लायंटच्या ऑफिसात काही आठवडे बसायचं ठरलं, तेव्हा ओळखीच्यांनी भरभरून सल्ले दिले. त्यातले बरेचसे माझ्या कामाचे नव्हते, कारण ते देणारे दोन-तीन वर्षांसाठी जाऊन आलेले होते. त्यांना विमानतळावर रेसिडेन्स कार्ड, म्हणजे लांब मुक्कामासाठीचं सरकारी ओळखपत्र, मिळालं होतं. मीटिंगा, चर्चा, सिस्टिम बसवल्यावरची पाहणी अशा कामासाठी आणि पगार भारतातच घेऊन जाणाऱ्याला शॉर्ट-टर्म व्हिसा मिळतो, जास्तीत जास्त 90 दिवसांचा. त्यावर ते कार्ड मिळत नाही. आणि कार्ड नाही म्हणजे बँकेत खातं नाही, नेहमीचा फोन नंबर नाही आणि नेहमीच्या पद्धतीने भाड्याचं घरही नाही. माझी सगळी तयारी या तीन 'नाहीं'भोवती फिरली.

सुरुवात घरापासून केली. आपल्याकडच्या पेइंग गेस्टसारखी सोय शोधत बसण्यापेक्षा तिथे 'मंथली मॅन्शन' पाहावं. नावावर जाऊ नका, एक छोटी खोली, कोपऱ्यात शेगडी, वॉशिंग मशीन आणि जेमतेम मावणारं न्हाणीघर एवढंच असतं. महिन्याच्या आतलं राहणं तिथे हॉटेलच्या कायद्यात मोडतं, त्यामुळे या खोल्या बहुधा महिन्यापासून पुढेच देतात. जामीनदार आणि घरमालकाला द्यायची 'की मनी' यांची कटकट नसते. पासपोर्ट, भारतातला पत्ता आणि जपानमधल्या कंपनीचं नाव एवढ्यावर काम होतं.

भाड्याचा आकडा मात्र नीट वाचावा लागतो. जाहिरातीत दिवसाचा दर लिहिलेला असतो, तो नुसत्या खोलीचा. समजा दर 4,500 येन आहे आणि मुक्काम 40 दिवसांचा, तर भाडं झालं 1,80,000. वीज-पाणी-गॅसचे रोज 900 धरले तर 36,000. निघतानाच्या साफसफाईचे एकदाच 30,000 आणि कराराचे 5,500. बेरीज 2,51,500 येन, म्हणजे दिवसाला जवळपास 6,300. मुक्काम जितका लहान, तितका साफसफाईचा बोजा दिवसागणिक जास्त. शिवाय रक्कम आगाऊ, आणि बऱ्याच ठिकाणी जपानी बँकेतूनच भरायची. मी ज्या एजन्सीला आधी विचारलं, तिने हे करार पाठवल्यावर सांगितलं. म्हणून पहिल्याच मेलमध्ये दोन प्रश्न विचारावेत: एकूण किती, आणि परदेशी क्रेडिट कार्ड चालेल का.

जागा मी एदोगावा वॉर्डात निशी-कासाईला घेतली. तिथे भारतीयांची जुनी वस्ती आहे, किराणा मिळतो, आणि मेट्रोच्या तोझाई लाइनने ओतेमाची हा ऑफिसांचा भाग वीसेक मिनिटांत येतो. सकाळची तोझाई लाइन मात्र चर्चगेट लोकलची आठवण करून देते, फरक इतकाच की कुणी बोलत नाही. स्वयंपाक करणार असाल तर खोलीतली शेगडी इंडक्शनची आहे का ते विचारून घ्या. त्यावर आपला साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापत नाही, इंडक्शनवर चालणारा न्यावा लागतो.

सिमचं काम त्यामानाने सोपं. बोलण्याचा नंबर घ्यायला तिथे कायद्याने ओळख पटवावी लागते आणि बहुतेक कंपन्या त्यासाठी रेसिडेन्स कार्ड मागतात. फक्त डेटाचं सिम पाहुण्यालाही मिळतं. मी ई-सिम निघण्याआधी घरच्या वायफायवरच फोनमध्ये भरून ठेवलं, कारण ते भरायलाही इंटरनेट लागतं. तिथे उतरल्यावर फक्त चालू केलं. भारतातलं सिम दुसऱ्या जागी तसंच ठेवलं, इंटरनॅशनल रोमिंग चालू आणि डेटा रोमिंग बंद. हे सिम बोलण्यासाठी नव्हतं, बँकेच्या ओटीपीसाठी होतं. रोमिंग निघण्याआधीच चालू करा, आणि प्रीपेड असेल तर व्हॅलिडिटी परतीच्या तारखेच्या पुढे जाते ना तेही पाहा.

आता पैसे. सहा महिन्यांपेक्षा कमी दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला तिथल्या बँका साधं खातं उघडून देत नाहीत, त्यामुळे त्यात वेळ घालवू नये. माझ्याकडे येन भरलेलं फॉरेक्स कार्ड, एक क्रेडिट कार्ड आणि थोडी रोख होती. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे आपली नवी कार्डं मुळात देशातल्या वापरापुरतीच चालू असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी वापर सुरू करावा लागतो, आणि एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन यांची बटणं वेगवेगळी असतात. एटीएमचं बटण राहून जातं आणि ते कळतं थेट मशीनसमोर.

रोख सेव्हन-इलेव्हन दुकानातल्या सेव्हन बँकेच्या एटीएममधून किंवा पोस्टाच्या एटीएममधून निघते. मशीनने 'रुपयांत की येनमध्ये' असं विचारलं तर कायम येन निवडायचं. रुपये निवडले तर विनिमयाचा दर मशीनवाला लावतो, आणि तो बहुतेक वेळा महागच पडतो. क्रेडिट कार्डावर रोख काढू नये, व्याज त्याच दिवसापासून लागतं. आणि काढलेल्या नोटा लगेच मोडून घ्याव्यात. छोट्या रामेनच्या दुकानातली कूपन मशीनं पुष्कळदा फक्त 1,000 येनची नोट घेतात. जुलै 2024 मध्ये नव्या नोटा आल्या, त्या काही जुनी मशीनं घेतच नाहीत.

प्रवासाच्या कार्डाची गंमत वेगळी. विमानतळावर पर्यटकांना मिळणारं 'वेलकम सुइका' प्लास्टिक कार्ड 28 दिवसच चालतं आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत. पाच-सहा आठवड्यांच्या मुक्कामाला ते अर्ध्यातच संपतं. 500 येन अनामत भरून साधं सुइका घेतलं की हा प्रश्न येत नाही. ते रिचार्ज करायला रोखच लागते. फोनमध्ये सुइका घ्यायचा विचार असेल तर भारतात विकले जाणारे बहुतेक अँड्रॉइड फोन त्याला चालत नाहीत.

रीतिरिवाजांची इंटरनेटवर लांबलचक यादी मिळते. मला प्रत्यक्षात उपयोगी पडल्या त्या थोड्याच. व्हिजिटिंग कार्ड उभं राहून दोन्ही हातांनी घ्यायचं, वाचायचं, आणि मीटिंगभर टेबलावर समोर ठेवायचं. तेही माणसं ज्या क्रमाने बसली आहेत त्याच क्रमाने, म्हणजे नावं आपसूक लक्षात राहतात. खिशात कोंबायचं नाही, त्यावर लिहायचं नाही. काम अडलं तर संध्याकाळपर्यंत थांबू नये, अर्धवट का होईना लगेच कळवावं. आपल्याकडे आधी सोडवून मग सांगणं हुशारीचं समजतात, तिथल्या लोकांना ते लपवल्यासारखं वाटतं.

खाऊ न्यायचा तर सुटा बांधलेला हवा, कारण तो प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवला जातो. मी आंब्याच्या वड्या एकेक गुंडाळलेल्या नेल्या. ताजा आंबा नेऊ नका, वनस्पती क्वारंटाइनवाले विमानतळावरच काढून घेतात. शाकाहारी असाल तर आधीच स्पष्ट सांगा. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर भाजीच्या सुपातही 'दाशी' हा माशाचा अर्क येऊ शकतो, म्हणून मासा आणि 'दाशी' दोन्ही नको असं सांगायचं.

आणि कचरा. प्रत्येक वॉर्डाचे वार आणि वर्गीकरण वेगळं असतं. जळणारा, न जळणारा, बाटल्या-डबे, प्लास्टिक असं वेगळं करून ठरलेल्या दिवशी सकाळी ठेवायचं. इमारतीत स्वतंत्र कचराखोली असेल तर दिवस पाळावा लागत नाही, आणि मी दोन खोल्यांमधून एक निवडताना त्याच कारणाने निवडली. कचराखोली नसेल तर निघायच्या आठवड्याचा कचऱ्याचा वार मात्र आधी पाहून ठेवा, कारण खोलीत काही राहिलं तर साफसफाईच्या वर वेगळे पैसे लावतात.