आमची वाटचाल: तळाला दिसणारा दक्षिण विभाग

आम्ही एअर कॉम्प्रेसरचे एअर फिल्टर बनवतो. विक्रीचे सहा विभाग आहेत आणि प्रत्येकात एक माणूस. पहिली सात वर्षं मी वर्षअखेरीला एकच तक्ता काढायचो: कोणी किती फिल्टर विकले. उत्तर विभाग ३,००० नगांसह वर, दक्षिण १,२५० नगांसह तळाला. इन्सेंटिव्हही त्याच क्रमाने. दक्षिण सांभाळणाऱ्या मॅडमनी राजीनामा देताना एवढंच विचारलं, "सर, माझ्या भागात कॉम्प्रेसर किती आहेत, हे कधी मोजलंत का?" मोजले नव्हते. त्या गेल्या आणि वर्षभरात दक्षिणेची विक्री ८५० वर आली. मग मी मोजायला बसलो.

पहिला प्रयत्न चुकला. प्रत्येक भागाची बाजारक्षमता मी आमच्याच मागच्या तीन वर्षांच्या विक्रीवरून धरली. जिथे आमचं कोणी फारसं फिरकलंच नव्हतं, तो भाग त्या हिशेबात आपोआप छोटा ठरला. ज्या कष्टाचं मोजमाप करायचं, तेच मापात मिसळलेलं होतं.

नंतर मशीनपासून सुरुवात केली. आमचा फिल्टर साधारण २,००० तासांनी बदलतात. एका शिफ्टमध्ये चालणारा कॉम्प्रेसर वर्षाला सुमारे २,४०० तास चालतो, तीन शिफ्टचा त्याच्या तिप्पट. म्हणून कारखाने मोजून भागत नाही, चालण्याचे तास मोजावे लागतात. कारखान्यांच्या याद्या घेतल्या, सर्व्हिस मेकॅनिककडून शिफ्ट विचारल्या. उत्तरेची क्षमता वर्षाला २०,००० फिल्टर निघाली, दक्षिणेची ५,०००. म्हणजे मॅडमनी बाजाराचा २५ टक्के वाटा मिळवला होता, उत्तरेने १५ टक्के.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि वाटा हाच निकष धरला. उत्तरेचे सहकारी आपली व्हिजिटची डायरी घेऊन आले. त्यांच्याकडे ४०० कारखाने आणि वर्षभरात १,१०० भेटी, म्हणजे एकेका कारखान्याला तीन वेळाही जाणं होत नाही. दक्षिणेत अंतरं लांब असल्याने भेटी ६५० च, पण कारखाने ९०, म्हणून प्रत्येकाकडे सात फेऱ्या होतात. बाजार चौपट झाला तरी माणसाचा दिवस तेवढाच राहतो. मोठ्या भागात वाटा घसरतो तो यामुळे, आळसामुळे असेलच असं नाही. टक्केवारी लावून मी उत्तरेवर तोच अन्याय करायला निघालो होतो, जो आधी दक्षिणेवर केला होता.

शेवटी कागदावर आडव्या अक्षावर क्षमता, उभ्या अक्षावर विक्री घेऊन सहाही विभागांचे ठिपके मांडले आणि त्यांच्यामधून जाणारी रेषा काढली. ती वर जाताना वाकत होती. आमच्याकडे बाजार दुप्पट झाला की विक्री साधारण दीडपट होते. त्या रेषेप्रमाणे ५,००० च्या भागात १,२०० नगांची अपेक्षा धरायची, १०,००० च्या भागात १,८०० आणि २०,००० च्या भागात २,७००. उत्तर अपेक्षेच्या ३०० वर होती. दक्षिणही ५० वर होती. ज्यांना मी तळाला ठेवलं, त्यांचं काम अपेक्षेइतकं चोख होतं.

पण रेषेच्या वरचं सगळं श्रेय माणसाचं नसतं, हे मध्य विभागाने दाखवलं. क्षमता १०,०००, विक्री २,०५०, म्हणजे २५० ने वर. ऑर्डरी फोडून पाहिल्या तर १,४०० नग आधीच्या सहकाऱ्याने जोडलेल्या जुन्या कारखान्यांचे होते, आणि त्या ऑर्डरी थेट ऑफिसला येत होत्या. वर्षभरात नवे कारखाने जोडले चार. दक्षिणेत त्याच वर्षी अकरा जोडले गेले होते. म्हणून आता रेषेपासूनच्या अंतराशेजारी आम्ही भेटींची संख्या आणि नव्या कारखान्यांकडून आलेली विक्री लिहितो. तिन्ही एका दिशेला बोट दाखवत असतील, तरच माणसाबद्दल बोलतो.

सहा ठिपक्यांची रेषा नाजूक असते. एक मोठा ग्राहक आला किंवा गेला तरी ती हलते. त्यामुळे दहा टक्क्यांच्या आतला फरक आम्ही धरत नाही, आणि मोठा फरकही दोन वर्षं टिकला तरच इन्सेंटिव्हमध्ये आणतो.

याच रेषेतून आणखी एक गोष्ट निघाली. उत्तरेचे दोन समान भाग केले तर अपेक्षा २,७०० ऐवजी ३,६०० होते. भाग केले, एक माणूस वाढवला. पहिल्या वर्षी दोघांची मिळून ३,३५० नगांची विक्री झाली. नव्या सहकाऱ्याच्या भागाला सध्या आम्ही रेषा लावत नाही. त्यांच्या फक्त भेटी आणि नवे कारखाने पाहतो. राजीनामा दिलेल्या मॅडमना मी हा सगळा हिशेब पाठवला आहे आणि त्या वर्षांचा राहिलेला इन्सेंटिव्हही.