मोज्याची टाच आणि कोपऱ्यातलं ते भोक

माझा धाकटा भाऊ जहाजावर असतो आणि थंड पाण्यातल्या फेऱ्यांसाठी त्याला लोकरीचे मोजे लागतात. आमच्या गुहागरात लोकर अंगाला लावावीशी वाटेल असे दिवस फार नाहीत, पण विणायला काय हरकत? पावसाळ्यात अंगणातली कामं थांबली की वेळच वेळ असतो.

हा मोजा वरून खाली विणायचा आहे. घोट्यापर्यंतच्या नळीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गडद निळी, नायलॉन मिसळलेली बारीक लोकर, अडीच मिलिमीटरच्या दोन्हीकडे टोक असलेल्या सुया आणि गोलात ६४ टाके. त्यातले ३२ पायाच्या वरच्या भागासाठी सुईवर नुसते थांबवून ठेवायचे आणि उरलेल्या ३२ वर मागेपुढे विणत टाचेची उभी पट्टी करायची. पट्टीच्या ३२ ओळी. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता सरकवायचा, म्हणजे कडेला साखळी तयार होते. दोन ओळींना साखळीचा एक दुवा, म्हणून प्रत्येक कडेला १६ दुवे. हा हिशोब डोक्यात ठेवा, पुढे सगळं त्यावर चालतं.

टाच वळवणं ऐकायला अवघड वाटतं, पण ते अगदी आज्ञाधारक काम आहे. १७ सुलट, मग डावीकडे झुकणारी जोडी, एक सुलट आणि उरलेले टाके तसेच सोडून वळायचं. पहिला टाका सरकवा, तीन उलट, दोन एकत्र उलट, एक उलट, पुन्हा वळा. यानंतर वळलेल्या जागी एक फट दिसते. दर ओळीत फटीच्या एक टाका आधीपर्यंत विणायचं, फटीच्या अल्याडचा आणि पल्याडचा टाका जोडायचा, एक जास्तीचा विणायचा आणि वळायचं. दोन्ही बाजूंचे टाके संपले की सुईवर १८ उरतात आणि हातात एक छोटी वाटी येते. ती पहिल्यांदा झाली तेव्हा मी घरभर दाखवत फिरले होते.

खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं. लोकरीबरोबर जो कागद आला होता त्यात पुढचं वाक्य एवढंच होतं: पट्टीच्या दोन्ही कडांवरून टाके उचला आणि गोलात विणा. बस. ज्या जागी नव्वद टक्के माणसं अडकणार, तिथे एक ओळ! मी कागदाप्रमाणे १६ दुव्यांतून १६ टाके उचलले, गोल जोडला, आणि पट्टी जिथे पायाच्या वरच्या भागाला मिळते त्या दोन्ही कोपऱ्यांत करंगळीचं टोक जाईल एवढी भोकं. पट्टीच्या कडेलाही बारीक जाळी. अजून त्या कागदाचा राग जात नाही.

आधी कडेची जाळी. साखळीच्या प्रत्येक दुव्याला दोन पाय असतात. एकाच पायाखालून सुई घातली की तो पाय ताणला जातो आणि शेजारी फट पडते. दोन्ही पायांखालून सुई घालायची, धागा गुंडाळून बाहेर ओढायचा. कड जरा जाड होते, पण बंद होते. पुढच्या गोलात हे उचललेले टाके मागच्या बाजूने विणायचे, म्हणजे त्यांना पीळ बसतो आणि उरलीसुरली फटही मिटते.

कोपरा मात्र असा ऐकत नाही. पट्टीचा कडेचा टाका आणि थांबवलेल्या टाक्यांपैकी पहिला टाका हे एकेकाळी एकाच गोलातले सख्खे शेजारी होते. मग पट्टी ३२ ओळी वाढत गेली आणि शेजारी जागच्या जागी बसून राहिला. दोघांना जोडणारा तेवढा एक आडवा धागा, त्यावर इतके दिवस एका बाजूने ओढ. तो लोंबतो आणि भोक दिसतं. माणूस साहजिकच तो लोंबता धागा उचलतो, मीही तेच करत होते. पण सैल धाग्यातून टाका काढला की तो धागा आणखी उघडतो. पीळ देऊन उचलला तर थोडं बरं, तरी खळगा राहतोच.

शेजारच्या काकू ओटीवर बसून बघत होत्या. त्यांनी मोजा कधी विणला नाही, पण लहान मुलांच्या स्वेटरचे गळे आयुष्यभर उचललेत. म्हणाल्या, ‘‘अगं, त्या लोंबत्याला कशाला धरतेस? त्याच्या शेजारच्या टाक्याच्या खालचा धर. तो घट्ट आहे.’’ गळ्याच्या कोपऱ्यातही हेच होतं म्हणे.

तसंच केलं. १६ टाके उचलून झाले की सतरावा कोपऱ्यात, पण भोकातून नाही. थांबवलेल्या पहिल्या टाक्याच्या बरोबर खाली, एक ओळ खालचा जो टाका आहे, त्याच्या दोन्ही पायांखालून सुई घालून धागा बाहेर काढायचा आणि घट्ट ओढायचा. लोंबता धागा आपोआप मागे ढकलला जातो. मग वरच्या भागाचे ३२ विणायचे. दुसऱ्या बाजूला क्रम उलटा: आधी शेवटच्या टाक्याखालून कोपऱ्याचा टाका, मग पट्टीवरून खाली येत १६. बेरीज करा: १८, १७, ३२, १७, म्हणजे ८४. इथे आकडा जुळला नाही तर पुढे जाऊ नका, एखादा दुवा सुटलेला असतो.

एक सांगायचं राहिलं, आणि हे खरं तर पट्टी विणतानाच करायचं आहे. ओळीच्या सुरुवातीला सरकवलेल्या टाक्यानंतरचा टाका विणला की धागा जरा आवळून घ्या. सरकवलेला टाका आवळून उपयोग नाही, तो पुढच्या ओळीत सैल पडतो. पट्टीची कड नीट असेल तर निम्मं काम तिथेच होतं.

८४ वरून परत ६४ वर यायला एक गोल साधा, एक गोल कमी करण्याचा. कमी करण्याच्या गोलात पहिल्या बाजूचे शेवटचे तीन टाके राहिले की दोन एकत्र सुलट आणि एक सुलट. वरच्या भागाचे ३२ नुसते विणायचे. दुसऱ्या बाजूला एक सुलट, मग डावीकडे झुकणारी जोडी. दर वेळी दोन टाके जातात, म्हणून दहा वेळा. घोट्याच्या बाजूला तिरकी कळी उतरत जाते.

भोक राहिलंय का हे सुईवर असताना कळत नाही, विशेषतः गडद निळ्या रंगात आणि आषाढातल्या अंधुक उजेडात. चार-पाच गोल विणून झाले की आत मूठ घालून कोपरा ताणा आणि खिडकीशी धरा. टाके विणताना मांडीवर पांढरा पंचा पसरला तर दुवे स्पष्ट दिसतात. कोपरा नुसता वेडावाकडा असेल तर सुईच्या टोकाने सैल धागा शेजारच्या तीन-चार टाक्यांत वाटून टाका, धुतल्यावर तो बसतो. पण पलीकडचा उजेड आरपार दिसला तर धुण्याने काही होणार नाही. मग उसवा, किंवा मोजा पूर्ण झाल्यावर आतल्या बाजूने शिवणाच्या सुईने भोकाभोवतीच्या टाक्यांतून धागा फिरवून आवळा. सुती धाग्याला हे जास्त जपावं लागतं, कारण तो लोकरीसारखा फुगून फट झाकत नाही.

आणि सुया स्टीलच्या असतील तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. खाऱ्या हवेत गंज धरला की फिक्या लोकरीवर तांबडे डाग उमटतात.