पत्ता चॅटमधून गेला, पण चित्रात राहिला

इंदूरमध्येच राहणाऱ्या एका मुलीच्या यूट्यूब लाइव्हचं चॅट मी सांभाळते, ती रात्री गेम खेळते आणि मी राजेंद्रनगरला घरी बसून लॅपटॉपवर मेसेज वाचत असते. शिव्या, लिंका, एकच वाक्य पन्नास वेळा चिकटवणं हे रोजचंच. त्या रात्री मात्र सुरुवात एका साध्या मेसेजने झाली. "काल सराफ्यात तुला बघितलं, पिवळा ड्रेस." शिवी नाही काही नाही, फिल्टरला त्यात पकडण्यासारखं काय असणार, पण ती आदल्या रात्री खरंच सराफ्यात गेली होती आणि ड्रेसही पिवळाच होता, तिनेच मला फोटो पाठवला होता.

मी मेसेज डिलीट केला आणि त्याला 5 मिनिटांचा टाइमआउट दिला. इथेच चुकलं माझं. टाइमआउट तापलेल्या माणसासाठी असतो, थोडा वेळ गप्प बसवलं की बरेच जण निवळतात, पण कुणी कुणावर पाळत ठेवत असेल तर त्याला पाच मिनिटं म्हणजे पुढचा मेसेज टाइप करायला मिळालेला वेळ. तो परत आला आणि थेट तिच्या कॉलनीचं नाव टाकलं, आणि लगेच दुसऱ्या एका नव्या अकाउंटवरून गल्ली नंबर आला.

दुसरी चूक तर याहून वाईट, घाबरून मीच चॅटमध्ये लिहिलं, "कृपया पत्ता टाकू नका". म्हणजे तो पत्ता खरा आहे हे मीच साडेआठशे लोकांना सांगितलं! दहा सेकंदांत "कोणती कॉलनी?" "परत टाक ना भाई" सुरू झालं.

मग मात्र हात भराभर चालवले. आधी दोन्ही अकाउंटच्या मेसेजचा स्क्रीनशॉट घेतला, नाव आणि वेळ दिसेल असा, आणि त्यांच्या चॅनेलच्या लिंका वहीत उतरवल्या, कारण एकदा काढल्यावर पुरावा मिळणं अवघड. मग मेसेज काढले आणि दोघांनाही चॅनेलवरून हाइड केलं. हाइड केलेल्याला तसं कळवलं जात नाही, तो लिहीत राहतो पण बाकीच्यांना काही दिसत नाही, त्यामुळे लगेच नवीन अकाउंट काढायला धावत नाही, आणि मला तेवढी सवड हवीच होती. कॉलनीचं नाव पुन्हा लिहिणाऱ्या बघ्यांचे मेसेजही काढले, पण त्यांना फक्त टाइमआउट, ती मुलं उत्सुकतेपोटी बोलत होती, त्यांना कायमचं घालवणं मला बरोबर वाटलं नाही. स्लो मोड 30 सेकंदांवर नेला, म्हणजे एकाला तीस सेकंदांत एकच मेसेज टाकता येतो. एक वाईट मेसेज त्याने थांबत नाही, पण गर्दीचा पूर ओसरतो आणि नीट वाचता येतं.

चॅट स्वच्छ झालं म्हणून श्वास सोडला आणि लाइव्ह व्हिडिओकडे बघितलं तर कोपऱ्यात कॉलनीचं नाव तसंच! ती स्क्रीनवर चॅटचा बॉक्स दाखवते, ओबीएस या लाइव्ह चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेला, आणि तिचं ते टूल चॅटमधून मेसेज काढला तरी आपली वेळ संपेपर्यंत तो दाखवत राहतं. त्यात व्हिडिओ आमच्याकडे काही सेकंद मागे असतो, म्हणजे मला दिसतंय तेव्हा ते आधीच सगळीकडे गेलेलं असतं. ते बंद करणं माझ्या हातात नव्हतं, ओबीएस तिच्या कंप्युटरवर. फोन लावला. तिने कॅमेऱ्यासमोर चेहरा न बदलता उचलला. मी एवढंच म्हटलं, "डोळा बंद कर गं, चॅटचा." ओबीएसमध्ये प्रत्येक सोर्सपुढे डोळ्याचं चिन्ह असतं, त्यावर एक क्लिक केली की तो भाग गायब. तिने केली, आणि आवाज जरासाही न कापता पुढचा राउंड सुरू केला. मला मात्र रडू आलं तेव्हा.

पण आधीचा तुकडा रेकॉर्डिंगमध्ये होताच, आणि लाइव्ह मागे ओढून बघता येत असेल तर चालू असतानाही कुणीही तिथे जाऊ शकतो. म्हणून तिने वीस मिनिटांत लाइव्ह संपवलं, व्हिडिओ लगेच प्रायव्हेट केला आणि यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमधून तो भाग कापला. कापलेलं प्रोसेस व्हायला खूप वेळ लागतो, तोवर प्रायव्हेटच ठेवला. सकाळी स्क्रीनशॉट घेऊन तिच्या बाबांनी cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली.

दुपारी मी तिच्या घरी गेले. सेटिंग्जमधल्या ब्लॉक केलेल्या शब्दांच्या यादीत आम्ही तिचा फोन नंबर, कॉलनी, बिल्डिंग, कॉलेज घातलं. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. नुसतं एकदा लिहून भागत नाही, देवनागरीत एक, रोमनमध्ये जोडून एक, मध्ये जागा सोडून एक, 'व' ला v आणि w दोन्ही. काकू शेजारी बसून सुचवत होत्या, "आमचे दूधवाले असं लिहितात बघ, हेही घाल." एका कॉलनीच्या नावाची अकरा रूपं झाली. चॅटचा बॉक्स स्क्रीनवरून काढूनच टाकला, आता एखादा चांगला मेसेज आला तर तो तीच वाचून दाखवते.