ड्युओटोन कॅलेंडर, अपडेट ४: झाडाले आलू लागले होते, आता संत्री दिसतात

मागच्या अपडेटमध्ये मी फार खुशीत लिहिलं होतं की दोन रंग पक्के झाले, आता बाराही फोटोंवर ग्रेडियंट मॅप मारून तेच दोन रंग चढवायचे आणि कॅलेंडर तयार. तसं काही झालं नाही. पंधरा दिवस एकाच फोटोवर गेले, पण त्यातून जे सापडलं ते या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात कामाचं आहे म्हणून सविस्तर लिहितोय.

नवीन आलेल्यांसाठी एवढंच, की आपल्या वाचनालयाचं भिंतीवरचं कॅलेंडर करतोय, बारा फोटो आहेत, त्यातले पाच फुकट स्टॉक साइटवरचे, चार माझ्या फोनचे आणि तीन व्हॉट्सअॅपवर लोकांनी पाठवलेले. एक फोटो निळसर, एक पिवळा जर्द, एक धुक्यातला फिकट, म्हणजे बारा घरचे बारा पाहुणे. ड्युओटोनने, म्हणजे प्रत्येक फोटो त्याच दोन रंगांत रंगवून, ते एका घरचे दिसावेत हा सगळा डाव.

तर झालं असं. डिसेंबरच्या पानावर संत्र्याच्या बागेचा फोटो आहे. गडद रंग निळा `#1D2B4F` आणि उजळ रंग नारिंगी `#F28C28`, कारण वरुड-मोर्शीकडचा माणूस संत्र्याचा रंग सोडून दुसरा कोणता घेणार. मॅप मारला, लॅपटॉप मायसमोर धरला. तिनं चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "काहून रे, झाडाले आलू लागले का हे?"

मी परत बघितलं तर खरंच आलू. फळं भुरकट, पानं भुरकट, कुठं फळ संपतं आणि कुठं पान सुरू होतं तेच कळेना. मूळ फोटोत मात्र संत्री अशी उठून दिसतात की हात घालून तोडावीशी वाटतील.

आधी वाटलं रंगच चुकले. बारा वेगवेगळ्या जोड्या टाकून पाहिल्या, दोन रात्री त्यात गेल्या, आणि प्रत्येक जोडीत फळ आणि पान एकमेकांत मिसळलेलंच. तेव्हा कुठं डोक्यात आलं की भानगड रंगांच्या जोडीत नाहीच, ती त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. ग्रेडियंट मॅप फोटोतला रंग बघतच नाही, तो फक्त प्रत्येक ठिपक्याचा उजेड बघतो, म्हणजे फोटो आधी मनातल्या मनात ब्लॅक अँड व्हाइट करतो आणि मग काळ्याच्या जागी एक रंग, पांढऱ्याच्या जागी दुसरा, आणि मधल्याला मधला देतो. मग ते ब्लॅक अँड व्हाइटच फसलं असेल तर वरचे रंग काय करणार.

आयड्रॉपर घेऊन 0 ते 255 च्या पट्टीवर मोजलं. उन्हातल्या संत्र्यावर लाल 230, हिरवा 120, निळा 20. शेजारच्या उन्हातल्या पानावर लाल 110, हिरवा 150, निळा 50. आता रंगाचा उजेड काढायच्या नेहमीच्या लुमा हिशोबात लालला साधारण 21 टक्के वजन, हिरव्याला 72 आणि निळ्याला 7, कारण आपल्या डोळ्याला हिरव्याचा उजेड जास्त जाणवतो. त्या हिशोबानं संत्रं येतं 136 आणि पान येतं 134. दोनचा फरक! डोळ्याला जे दोन टोकांचे रंग दिसतात ते ग्रेमध्ये सख्खे भाऊ निघाले. आणि वरून 136 म्हणजे जवळपास मधोमध, तिथं माझा निळा आणि नारिंगी मिसळून जो रंग तयार होतो तो (143, 95, 58), म्हणजे आलूच्या सालीचा. माय एक नंबर बरोबर बोलली होती.

आता त्याच आकड्यांत फक्त लाल चॅनल बघा. संत्रं 230, पान 110. झालं की काम! फळ उजळ, पान गडद.

गिम्पमध्ये `Colors > Desaturate > Mono Mixer` उघडलं, लाल 1, हिरवा 0, निळा 0 केलं, आणि झाडावरची संत्री एकदम दिवे लागल्यासारखी पेटली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, लाइन तासाभरापूर्वीच आली होती, मी मायला उठवणार होतो पण नाही उठवलं. जुने लोक ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर काचेचा लाल फिल्टर लावायचे ते हेच, फक्त ते फोटो काढायच्या आधी लावायचे आणि आपण नंतर लावतोय.

सोबत उजळ रंगही बदलला. निळा आणि नारिंगी हे एकमेकांच्या जवळपास उलटे रंग, त्यामुळं त्यांच्या मधल्या छटा कायम चिखलात जातात. आता उजळ बाजूला `#FFE9C7`, दुधात केशर पडल्यासारखा. मधल्या छटा राखाडीकडं जातात पण मातकट होत नाहीत. नारिंगी सोडताना जीवावर आलं, पण संत्रं नारिंगी असण्यापेक्षा संत्रं दिसणं जास्त महत्त्वाचं आहे असं मला आता पक्कं वाटतं.

यश मिळालं म्हणून मी तीच लाल चॅनलची रेसिपी सगळ्या फोटोंवर एका दमात चालवली. इमेजमॅजिकची कमांड ही:

```
magick in.jpg -channel R -separate +channel +level-colors "#1D2B4F","#FFE9C7" out.jpg
```

नोव्हेंबरचं कापसाचं शेत तर असं सुंदर आलं. आकाश गडद झालं, कारण निळ्या आकाशात लाल कमी असतो, आणि फुटलेली बोंडं त्याच्यावर पांढरी शुभ्र. पण ऑक्टोबरच्या पानावर कापूस वेचणाऱ्या बाईचा जवळून काढलेला फोटो आहे, तो उघडला आणि पोटात धस्स झालं. तिच्या कपाळावरचं कुंकू गेलं होतं. नुसतं गेलं नव्हतं, त्या जागी एक फिकट ठिपका होता. हा फोटो आपल्याच गावातल्या एका काकूंचा, त्यांनी स्वतः परवानगी दिलेला. तो तसा भिंतीवर लागला असता तर मी त्यांना तोंड दाखवू शकलो नसतो.

कारण तेच, फक्त उलटं. चेहऱ्यावर मोजलं तर लाल 170, हिरवा 115, निळा 85. कुंकवावर लाल 190, हिरवा 35, निळा 45. लाल चॅनलमध्ये कुंकू चेहऱ्यापेक्षा 20 नं उजळ होतं. लाल 80 टक्के आणि हिरवा 20 टक्के केलं तर फरक बरोबर शून्य, कुंकू पूर्ण गायब. हिरवा जसा वाढवत जावं तसं ते परत गडद होत जातं. लाल 30, हिरवा 60, निळा 10 वर चेहऱ्यापेक्षा 46 नं गडद आलं, ठसठशीत. चेहराही सुधारला, कारण नुसत्या लालमध्ये कातडी सपाट होते, ओठ पुसल्यासारखे होतात, सुरकुत्या जातात, माणूस प्लास्टिकचा वाटायला लागतो. काकूंच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हाच तर त्या फोटोचा जीव आहे.

म्हणून आता एकच रेसिपी सगळ्यांना हा नाद सोडला. फळ, आकाश, कापूस असेल तर लालकडं झुकायचं, माणूस असेल तर हिरव्याकडं. निळ्यावर जास्त भर मी कुठंच देत नाही, व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत सगळी खरखर आणि चौकोनी डाग तिथंच जास्त साचलेले असतात, चॅनल वेगळा करून मोठा करून बघा म्हणजे दिसेल.

यानंतर बाराही पानं शेजारी लावली तर अजूनही एक गोष्ट खटकत होती. रंग तेच पण धुक्यातला जानेवारी सगळा केशरी-दुधी आणि गोठ्यातला जुलै सगळा निळा, दोन वेगळ्या कॅलेंडरची पानं वाटत होती. कारण दोघांची सरासरीच वेगळी. ग्रे केल्यावर सरासरी उजेड असा काढतो:

```
magick gray.png -format "%[fx:mean]" info:
```

यात पूर्ण काळं 0 आणि पूर्ण पांढरं 1. जानेवारीची 0.62 आली, जुलैची 0.28. मी सगळ्यांसाठी 0.45 धरलं. आधी लेव्हल्समध्ये काळं आणि पांढरं टोक बसवायचं, मग परत मोजायचं, आणि मग मधला स्लायडर, म्हणजे गॅमा. जानेवारीला गॅमा 0.60 लागला, जुलैला 1.59. (लॉग 0.62 भागिले लॉग 0.45, एवढाच हिशोब. सरासरी तंतोतंत येत नाही, पण जवळ येते, बाकी डोळ्यानं.) हे केल्यावर बारा पानं एका ओळीत ठेवली तेव्हा पहिल्यांदा ती एका घरची वाटली. मी तो स्क्रीनशॉट फोनच्या वॉलपेपरवर लावलाय.

जुलै मात्र एवढा ओढल्यावर सावलीत पट्टे पडले, कारण 8 बिटच्या जेपेगमध्ये गडद भागात छटाच मोजक्या असतात, त्या ताणल्या की पायऱ्या दिसतात. त्यावर थोडा ग्रेन, म्हणजे बारीक खरखर टाकली, आणि मग वाटलं की सगळ्यांवरच सारखाच ग्रेन टाकावा, स्टॉकवाले फोटो फार गुळगुळीत असतात आणि फोनवाले खरखरीत, तो फरकही झाकला जातो. तसं केलं. ग्रेन ग्रेवर टाका, रंग चढवायच्या आधी, नाहीतर दोन रंगांच्या बाहेरचे ठिपके येतात.

एक गोष्ट मात्र ड्युओटोननं झाकली जात नाही. स्टॉकवर कापूस शोधला की एवढाल्या मशीन चालवत कापूस गोळा करणारे परदेशी फोटो येतात, आणि भारतीय शेतकरी शोधला की राजस्थानी पागोटं घातलेला माणूस. रंग कितीही एक करा, पागोटं बदलत नाही. म्हणून पाचातले दोन स्टॉक फोटो काढून टाकतोय, त्या जागी शेजारच्या शेतातले स्वतः काढणार.

आणि आता हे लिहिता लिहिताच एक सुचलं. तालुक्याच्या प्रिंटवाल्यानं चार रंगाच्या छपाईचा जो भाव सांगितला तो आपल्या वाचनालयाला झेपणारा नाही. पण आपल्या फोटोत आहेत किती रंग? दोन. त्यातला उजळ रंग म्हणजे रिकामा कागदच की! फिकट केशरी कागद घेतला आणि त्यावर फक्त गडद निळी शाई एका रंगात छापली तर कागद उजळ टोक देतो, शाई गडद टोक देते, आणि मधल्या छटा शाईच्या बारीक-मोठ्या ठिपक्यांतून येतात. लग्नपत्रिकावाले रंगीत कागदावर एका शाईत छापतातच. मग मला रंग चढवलेल्या फाइल द्यायच्याच नाहीत, फक्त ग्रे द्यायची, आणि आतापर्यंतची सगळी मेहनत तर ग्रेवरच झालीये. एवढंच, की कागदावर शाई थोडी पसरते आणि मधल्या छटा गडद होतात, म्हणून 0.45 ऐवजी 0.50 धरून नव्यानं ग्रे काढावे लागतील असा माझा अंदाज आहे.

रविवारी बाजार आहे, तिथून केशरी छटेचे तीन-चार कागद आणतो आणि ऑक्टोबरचं पान आधी छापून घेतो. कुंकू कागदावर टिकतं का ते बघायचंय, आणि पहिली प्रत काकूंना द्यायची आहे.