एका अभिप्रायाची पोस्ट व्हायला लागलेले सहा आठवडे

क्लिनिकच्या पानावर रुग्णाचा अभिप्राय टाकणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम, असं मी धरून चालले होते. जखडलेल्या खांद्यासाठी, म्हणजे फ्रोझन शोल्डरसाठी, येणाऱ्या एका बाईंची चार वाक्यं पोस्ट व्हायला सहा आठवडे लागले. शब्द टिपणं, चित्र बनवणं, मजकूर लिहिणं एका दुपारी उरकलं. बाकी सगळा वेळ संमतीच्या कागदाने खाल्ला. त्या कागदाचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी त्याच्याबद्दलच लिहिते.

आमच्याकडे संमती 'होती'. पहिल्या दिवशी भरायच्या नोंदणी फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती: 'माझी माहिती प्रसिद्धीसाठी वापरण्यास हरकत नाही.' खाली सही. बाईंनीही केली होती. पण ती सही झाली तेव्हा उपचार सुरूसुद्धा झाले नव्हते. जे शब्द अजून तोंडातून निघालेच नाहीत, त्यांना परवानगी कशी देणार? शिवाय खांदा ठणकत असताना माणूस समोर येईल त्या कागदावर सही करतो. ती ओळ मी फॉर्ममधून काढायला लावली.

मग वेगळा कागद केला, पण त्यावर चौकोन एकच: संमती आहे. बाई म्हणाल्या, "माझे शब्द टाका हो, पण फोटो नको. आणि आडनाव तर नकोच." एका चौकोनात हे कसं बसणार? कागद परत गेला, नवा झाला, त्यात पुन्हा काहीतरी राहिलं. दर वेळी त्यांच्या पुढच्या भेटीपर्यंत थांबायचं, आणि त्या आठवड्यातून एकदाच यायच्या.

तिसऱ्यांदा केलेला कागद चालला. त्यात सगळ्यात वर त्यांचे नेमके शब्द छापले, जसे पोस्टमध्ये दिसणार तसेच. त्याखाली वेगवेगळे चौकोन: पूर्ण नाव, फक्त पहिलं नाव की नाव नाहीच, फोटो चालेल का, कुठे दिसेल, म्हणजे इन्स्टाग्राम, वेबसाइट की प्रतीक्षा कक्षातला फलक, आणि पैसे देऊन जाहिरात म्हणून फिरवली तर चालेल का. हा शेवटचा चौकोन बहुतेक जण विसरतात. आपल्या ओळखीच्या चारजणांना पोस्ट दिसणं वेगळं, आणि अनोळखी हजारोंना दाखवण्यासाठी क्लिनिकने पैसे मोजणं वेगळं. त्याखाली मुदत, आम्ही 12 महिने ठेवली. संमती कधीही काढून घेता येईल, कोणाला फोन करायचा, आणि नाही म्हटलं तरी उपचारात काहीही फरक पडणार नाही, हे साध्या वाक्यांत.

आणि हा कागद उपचार करणाऱ्या थेरपिस्टने पुढे करायचा नाही. ज्याच्या हातात आपला खांदा आहे त्याला नाही म्हणणं जड जातं. आमच्याकडे तो आता रिसेप्शनवरून दिला जातो, घरी नेऊन वाचा म्हणून. पुढच्या भेटीला आणला तर आणला. आठवण एकदाच करायची.

नाव नको म्हटल्यावर 'शिक्षिका, वय 54, उजवा खांदा' असं लिहायचा मोह होतो. त्यांच्या शाळेतलं कोणीही एका नजरेत ओळखेल. आम्ही 'पन्नाशीतल्या एक रुग्ण' एवढंच ठेवलं. दुसऱ्या एका रुग्णाने फोटोला हो म्हटलं होतं, पण फोटोत मागे भेटींच्या वेळा लिहिलेला पांढरा फळा आला होता, आणि त्यावर दिवसभरातल्या सगळ्यांची नावं. मोबाइलवर मोठं करून पाहिलं तेव्हा कळलं. तेव्हापासून फोटो कोऱ्या भिंतीसमोरच काढतो.

शब्द कसे मिळवायचे ते आता. 'आमच्याबद्दल दोन शब्द लिहा' म्हटलं की 'स्टाफ खूप छान आहे' एवढंच येतं, ते कुठल्याही क्लिनिकला चालेल. त्याऐवजी मी तीन प्रश्न विचारते. आलात तेव्हा काय करता येत नव्हतं? आता काय करता येतं? काय अजून राहिलंय? विचारायची वेळ म्हणजे फेरतपासणीचा दिवस, कारण तेव्हा आधीचे आणि आताचे आकडे समोर असतात. या बाईंचा हात पुढून वर 95 अंशांपर्यंत जायचा, तो 150 पर्यंत गेला होता. वेदना दहापैकी 7 होती, ती 2 वर आली होती. वेदनेच्या आकड्यात साधारण दोनचा फरक पडला की रुग्णाला तो खरोखर जाणवतो. त्याहून कमी असेल तर मी विचारतच नाही.

त्यांचे शब्द असे आले: 'मागे हात नेऊन केस बांधता येत नव्हते. रात्री त्या कुशीवर झोपवत नव्हतं. आता केस माझे मी बांधते. हात अजून पूर्ण वर जात नाही, पण काम अडत नाही.'

शेवटचं वाक्य काढावं असं क्लिनिकमध्ये सगळ्यांचं मत होतं. मी हटून बसले. पहिली तीन वाक्यं खरी वाटतात ती त्या चौथ्यामुळे. ते कापलं असतं तर बाईंनी सही केलेले शब्दही ते राहिले नसते. अभिप्रायातला एखादा शब्द जरी वगळला, तरी नवा मजकूर पुन्हा दाखवायचा.

पोस्टखाली आम्ही लिहिलं: '12 आठवडे, 14 भेटी आणि रोज घरी केलेले व्यायाम. जखडलेला खांदा प्रत्येकाचा वेगळ्या गतीने सुटतो.' 'आमच्याकडे पूर्ण बरा झाला' असं लिहिलं नाही, कारण हा आजार बऱ्याच जणांत काही महिने ते काही वर्षांत आपोआपही बराच निवळतो. सगळं श्रेय आपल्याकडे घेतलं तर जाणकार वाचक लगेच हसतो.

गूगलवरच्या रिव्ह्यूचं गणित वेगळं. तिथे माणसाने स्वतः लिहिलेलं असतं, म्हणून स्क्रीनशॉट काढून टाकायला हरकत नाही असं वाटतं. पण त्यात नाव असतं, फोटो असतो, आणि आपण तो उचलला की ही व्यक्ती आमची रुग्ण आहे असं क्लिनिकनेच जाहीर केल्यासारखं होतं. उत्तर देतानाही हीच चूक होते. 'तुमचा गुडघा आता बरा आहे हे ऐकून आनंद झाला' असं लिहायचं नाही. 'वेळ काढून लिहिलंत, आभारी आहोत' एवढं पुरे. तक्रार असेल तर 'कृपया क्लिनिकला फोन करा', आणि पुढचं सगळं फोनवर. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट द्यायची नाही, आणि खूश दिसणाऱ्यांनाच निवडून लिंकही पाठवायची नाही. गूगलच्या नियमांत दोन्हीला मनाई आहे.

हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: आपल्याला नोंदणी देणारी परिषद रुग्णांचे अभिप्राय जाहिरातीत वापरू देते का, ते आधी पाहा. काही ठिकाणी थेट बंदी असते, आणि तिथे कितीही चांगला कागद केला तरी उपयोग नाही.

रुग्णाने स्वतःच्या स्टोरीत क्लिनिकला टॅग केलं, तरी विचारूनच पुढे टाकायचं. त्याची स्टोरी 24 तासांत जाते. आपण ती हायलाइटमध्ये ठेवली तर वर्षानुवर्षं राहते, आणि तेवढ्याला त्याने हो म्हटलेलं नसतं.

आता एक वही ठेवली आहे. कोणाचे शब्द, कुठे कुठे लावले, मुदत कधी संपते. संमती काढून घेतल्याचा फोन आला की पोस्ट, हायलाइट, चालू जाहिरात, वेळ लावून ठेवलेल्या पोस्ट आणि भिंतीवरचा फलक, सगळं त्याच दिवशी काढायचं. फलकच नेमका राहून जातो.